गावरान अंड्याला काही होत नाही

त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याला अचानक कोंबडीची भीती वाटायला लागली. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या हद्दीलगत, पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मेल्या. टीव्हीवर पांढरे डगले घातलेली माणसं खड्डे खणताना दिसली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चिकन बिर्याणीच्या जागी पनीर बिर्याणी आली. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा तो व्यवसाय. ही सवय घरीही सुटत नसे, त्यामुळे घरच्यांना माझा फारसा जिव्हाळा वाटत नसे.

कॅन्टीनच्या दारावर मोठा कागद लागला: आजपासून आमच्याकडे चिकन मिळणार नाही. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'पूर्वी जे मिळायचं ते चिकन होतं हे कळवल्याबद्दल आभार.' आमच्या टीममधला एकजण दोन दिवस आधी तंदुरी खाल्ली म्हणून घसा शेकत बसला होता. नीट शिजवलेल्या चिकनमधून हा आजार होत नाही, सत्तर अंशांच्या वर तो विषाणू टिकत नाही, हे वर्तमानपत्रात रोज चौकटीत छापून येत होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "यार, रिस्क कशाला?" आणि खाली जाऊन सिगारेट ओढून आला.

आम्ही पुण्याच्या कडेला, मांजरी गावाला राहायला होतो. उसाच्या शेतात बिल्डरने बारा रो-हाउस उभी केली होती आणि कमानीवर इंग्रजीत हिरवळीसंबंधी काहीतरी लिहिलं होतं. हिरवळ म्हणजे मागच्या भिंतीपलीकडचा ऊस. तो बिल्डरचा नव्हता. प्रत्येक घरामागे एक लांबोडकं अंगण होतं. बाकी अकरा अंगणांत लॉन होतं. आमच्या अंगणात आईच्या आठ कोंबड्या होत्या.

आई भंडाऱ्याकडची. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले, वर्षभराने गेले, आणि मी आईला इकडे घेऊन आले. पहिले तीन महिने ती पलंगावर बसून टीव्ही बघायची. टीव्ही बंद असला तरी तिकडेच बघायची. सोसायटीत तिच्याशी कोणी बोलत नव्हतं असं नाही. सगळे "काय म्हणताय?" विचारायचे, आणि ती काही म्हणायच्या आत आपल्या दारात शिरायचे. एकदा पौर्णिमेला ती मांजरी गावातल्या बुद्धविहारात गेली आणि परत येताना पिशवीतून दोन तलंगा घेऊन आली. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. मी म्हटलं, "आई, ही सोसायटी आहे." ती म्हणाली, "मंग काय झालं? त्याहीले काय मेंटेनन्स भरा लागते?"

दोनाच्या आठ झाल्या. आईने बिल्डरच्या उरलेल्या फळ्यांचं खुराडं केलं. सकाळी उठायला तिला कारण मिळालं. कोंबड्यांशी ती दिवसभर बोलायची, त्यांना शिव्या द्यायची, आणि भिंतीवरून बघणाऱ्या बायका हळूहळू थांबायला लागल्या. आधी नाक मुरडून, मग गावरान अंडं मिळेल का म्हणून. सहा महिन्यांत त्या सोसायटीत जिला सगळे ओळखतात अशी एकच बाई होती आणि ती माझी आई होती. मला लोक 'कोंबडीवाल्या आजींची मुलगी' म्हणायचे. मी सीनियर टेस्ट इंजिनिअर होते, पण ते कोणी विचारत नसे. त्या कोंबड्या गेल्या असत्या तर आई पुन्हा त्या पलंगावर गेली असती. ते दिवस मी पाहिले होते, म्हणून मला आठ कोंबड्यांची एवढी काळजी.

आता कोणालाही वाटेल की बर्ड फ्लूची बातमी आल्यावर लोकांनी आमच्याकडची अंडी बंद केली असतील. उलट झालं. सोसायटीने बाजारातलं ब्रॉयलर सोडलं, पांढरी अंडी सोडली, आणि सगळी मागणी आईच्या खुराड्याकडे वळली. बी.ई., एम.बी.ए., एक तर डॉक्टरेट झालेले गृहस्थ, सगळे एकाच सुरात सांगत होते, "गावरान अंड्याला काही होत नाही." का होत नाही? तर ते गावरान आहे म्हणून. मी सांगून पाहिलं की पोल्ट्रीतली कोंबडी निदान जाळीच्या आत असते; आमच्या कोंबड्या दिवसभर अंगणात, उसातले बगळे आणि कावळे त्याच पाण्याच्या थाळीत चोच बुडवून जातात, रोग आलाच तर आधी इथे येईल. त्यावर डॉक्टरेटवाले माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "तुम्ही नेटवर फार वाचता."

आमच्या घरचा नमुना काही वेगळा नव्हता. माझा नवरा त्या वर्षी जिमला जायला लागला होता. रोज सकाळी ग्लासभर दुधात दोन कच्ची अंडी फोडून घटाघट प्यायचा. शिजवलेलं चिकन मात्र त्याने वर्ज्य केलं होतं, कारण वातावरण बरोबर नाही. मी म्हटलं, "अरे, जे शंभर अंशांवर अर्धा तास उकळलंय त्याला तू घाबरतोस आणि जे कोंबडीतून सरळ ग्लासात आलंय ते पितोस!" त्यावर तो म्हणाला, "अगं, आईंच्या कोंबड्या घरच्या आहेत." जणू विषाणू आत यायच्या आधी बेल वाजवून नाव सांगतो.

मग मी घरात नियम काढले. कंपनीतल्या सवयीने छापून फ्रिजवर लावले, वर मथळा: नीट शिजवलं की काही होत नाही. अंडं उकडायचं ते बलक दगडासारखा घट्ट होईपर्यंत. हाफ फ्राय बंद. अंडं फोडलं की हात साबणाने धुवायचे. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट वेगळा. त्याच पाटावर काकडी चिरायची नाही. कच्चं चिकन नळाखाली धडाधड धुवायचं नाही, शिंतोडे ओट्यावर उडतात. मांस हाडापासून सुटलं पाहिजे, रस्सा खळखळून उकळला पाहिजे, आत गुलाबी दिसलं तर परत पातेल्यात. आईने चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं, "गुलाबी कोन ठेवते?" खरं होतं. तिच्या भंडाऱ्याकडच्या रश्श्यात कोंबडीच काय, बादलीसुद्धा शिजली असती. गुलाबी ठेवायचा तो माझा नवरा. गच्चीवर शेगडी लावून, मासिकात बघून, आतून ज्यूसी. पाहुण्यांना तो ते बोटाने दाबून दाखवायचा.

त्याच आठवड्यात मगरपट्ट्याच्या बाजूला कोंबडीव्यवसायातल्या लोकांनी लोकांची भीती जावी म्हणून मंडप घालून फुकट चिकन आणि उकडलेली अंडी वाटली. जे लोक विकत घ्यायला तयार नव्हते ते रांगेत तासभर उभे राहिले. माझा नवरा दोन प्लेट खाऊन आला. त्या दिवशी वातावरण बरोबर होतं.

आणि मग एका शनिवारी सकाळी तुऱ्याची तांबडी कोंबडी खुराड्यातून बाहेर आलीच नाही. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात उभी. शेपटीखाली हिरवट घाण चिकटलेली. आईने तिला उचललं, पोटाशी धरलं, मान बघितली आणि मला म्हणाली, "विळी दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या गावाकडे कोंबडी सुस्त दिसली की ती मरायच्या आत कापायची. मेलेली खायची नाही, पण मरणारी वाया जाऊ द्यायची नाही. हे आई तिच्या आईकडून शिकली, आणि तिची आई अशा घरातून आली होती जिथे कोंबडी कापणं म्हणजे सण. मीही लहानपणी अशा कितीतरी सुस्त कोंबड्या चाटूनपुसून खाल्ल्या असतील. मी विळी लपवली नाही. मी विळीवर पाय देऊन उभी राहिले.

"आई, खाली ठेव तिला. हात धू."

"कायले? मस्त शिजवतो ना. तूच लिवलं ना फ्रिजवर, शिजवलं का काही होत नाही."

इथे मी अडकले. माझंच वाक्य होतं. मी तिला समजावलं की खाण्यात धोका कमी आहे, कापण्यात जास्त. रक्त, पिसं, आतडी, घाण, सगळं हातावर आणि नाकातोंडात जातं. ज्यांना हा आजार झालाय ते शिजवलेलं खाऊन नाही, आजारी पक्षी हाताळून, कापून, सोलून झालाय. आजारी कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. आई ऐकत होती आणि कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी ओरडले. आईवर मी आयुष्यात तीनदा ओरडले असेन, त्यातलं हे एक. तिने कोंबडी खाली ठेवली आणि म्हणाली, "मंग तशीच मरू देऊ?"

मी तिचे हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, साडी बदलायला लावली, बाकी सात कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, आजारी एकटी खोक्याखाली ठेवली, आणि गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. फोनवर एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "कशालाही हात लावू नका. मेली तर तशीच झाकून ठेवा, पुरू नका, फेकू नका. मी दोन गावं करून दुपारी येते." कोंबडी अकरा वाजता मेली. बारा वाजता दुसरी मान वाकडी करून फिरायला लागली.

बातमी सोसायटीत पसरायला आमच्या शेजारणीचा टेरेस पुरेसा होता. साडेबाराला चेअरमन आले. ते राज्य सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते आणि बारा घरांचा कारभार महापालिकेसारखा चालवायचे. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी, डॉक्टरेटवाले आणि आणखी चार-पाच जण. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. चेअरमनांनी फाटकाबाहेर उभं राहून लेखी सूचना वाचून दाखवली. ती त्यांनी टाइप करून आणली होती. दुसरी कोंबडी मरायच्या आधी ठराव तयार होता.

"मॅडम, आपल्या पाळीव पक्ष्यांमुळे बारा कुटुंबांच्या जिवाला धोका निर्माण झाला आहे. संध्याकाळपर्यंत सर्व पक्षी हलवावेत."

"हलवायचे नसतात," मी म्हटलं. "इथून कुठेही न्यायचे नसतात. डॉक्टर येतायत."

"ते डॉक्टर येतील सरकारी वेगाने. मी सरकारात होतो, मला माहीत आहे. मी चिकन सेंटरवाल्याला बोलावलं आहे. तो घेऊन जाईल."

"आणि काय करेल?"

"तो त्याचा प्रश्न."

खरोखरच तेवढ्यात चिकन सेंटरवाला मोटरसायकलला जाळीची टोपली लावून आला. धंदा बसलेला, फुकटात सहा-सात गावरान कोंबड्या मिळणार, चेहरा खुलला होता. त्याच्या टोपलीला आधीच्या कोंबड्यांची घाण तशीच वाळलेली होती. म्हणजे रोग असलाच तर तो या टोपलीतून त्याच्या दुकानात, तिथून त्याच्या सुरीवर आणि मग रविवारी अर्ध्या मांजरी गावाच्या घरांत. सोसायटीचा प्रश्न मात्र सुटला असता.

"आपल्याकडे असलं चालत नाही हो," चेअरमनांच्या पत्नी म्हणाल्या, सौम्यपणे, समजावून. "आम्ही पूर्ण शाकाहारी. तुमच्याकडे चालत असेल. तुमच्यात काय, आजारी, मेलेलं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुण्यात असली वाक्यं पुरी करत नाहीत, ऐकणाऱ्याने करायची असतात. मला वाईट वाटलं ते याचं की सकाळीच मी स्वतः आईला विळीवरून जवळजवळ तेच बोलले होते, फक्त शास्त्राच्या भाषेत. आई फाटकाला पाठ लावून उभी राहिली. हातात काही नाही, अंगावर धुतलेली साडी. चिकनवाल्याला म्हणाली, "बापा, तू घरी जाय. तुले लेकरं असतील. या कोंबड्या नेऊ नको." तो घुटमळला, मोटरसायकल वळवून गेला. चेअरमनपेक्षा त्याला लवकर समजलं.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाई स्कूटीवरून आल्या. तिशीच्या असतील. फाटकातच बूट बदलले, डगला, हातमोजे, मास्क, चष्मा चढवला. सोसायटी चार पावलं मागे सरली. बाईंनी मेलेली कोंबडी बघितली, जिवंत आजारी बघितली, घशातून आणि मागून कापसाच्या काडीने नमुने घेतले, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. मेलेली कोंबडी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींना गाठ, आणि तीही तपासणीसाठी बरोबर.

"बर्ड फ्लू आहे का?" चेअरमननी लांबून विचारलं.

"नुसतं बघून सांगता येत नाही. कोंबड्यांचे दोन-तीन आजार सारखेच दिसतात. पुण्याच्या आणि मग भोपाळच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत इथून पक्षी, अंडी, खत, काही बाहेर जाणार नाही. आला पॉझिटिव्ह, तर या कोंबड्याच नाही, आसपासच्या सगळ्या माराव्या लागतील." मग त्यांनी वही काढली. "आजी, गेल्या दोन आठवड्यांत अंडी कोणाकोणाला दिलीत? आणि कोणी कच्ची घेतात का? सगळी नावं हवीत. दहा दिवस ताप, खोकला कोणाला येतो का ते बघायचंय. लपवू नका."

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तो दारातच होता, एकदम लहान दिसायला लागला. आईने एकेक घर सांगायला सुरुवात केली. चार नंबरला सहा. सात नंबरला डझनभर, तिथल्या पोराला कच्चं दुधात. डॉक्टरेटवाल्यांकडे रोज दोन, मधात कालवून, गुडघ्यासाठी. तोंडावरचे रुमाल एकेक करून वर सरकत होते. कालपर्यंत गावरान अंड्याला काही होत नव्हतं. आता सगळे आपापलं कपाळ चाचपत होते.

मग आई थांबली. तिने चेअरमनांकडे बघितलं. चेअरमन उसाकडे बघत होते.

"आजी, झालं?"

मला वाटलं आई दमली. मग ती चेअरमनांना म्हणाली, "साहेब, तुमी सांगता का मी सांगू? तापाची गोष्ट हाय म्हनून म्हनतो, नाहीतर म्या सांगतली नसती."

पूर्ण शाकाहारी घराचा कर्ता पुरुष उसाकडून वळला. मग म्हणाला, "हो. मी घेतो. सकाळी फिरायला जाताना. एक."

"कसं घेता?" डॉक्टर बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"कच्चं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांच्या पत्नींनी रुमाल खाली केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाकडे बघताना एवढं कुतूहल मी कधी पाहिलं नाही. मागे कोणीतरी खोकलं, आणि त्या दिवसांत खोकणं चांगलं नव्हतं म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. टाइप केलेला ठराव चेअरमननी घडी करून खिशात घातला. त्यानंतर सोसायटीने पक्षी हलवण्याचा विषय काढला नाही, कारण सगळीच सोसायटी वहीत होती.

रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. डॉक्टर बाईंनी आईला शिकवून ठेवलं होतं आणि आईने ते तंतोतंत पाळलं. खुराड्याला जाळी, वर ताडपत्री, बाहेरचा पक्षी पाण्याला शिवायला नको. आत जायचं ते वेगळ्या चपला घालून, नाकाला फडकं, हातात मोजे. घाण झाडायची नाही, धूळ उडते; आधी पाणी शिंपडून मग खरवडायची. बाहेर आल्यावर साबण. या दिवसांतली अंडी खायची नाहीत, खड्डा करून चुन्यात पुरायची. रोज मिळतील तेवढी अंडी ती चुन्यात ठेवायची, फेकायची नाही, ठेवायची. मी म्हटलं फेक ना एकदाची. तिने पुढचं अंडं ठेवलं. रोज संध्याकाळी चेअरमन भिंतीपलीकडून विचारायचे, "काय, ताप वगैरे?" आई म्हणायची, "नाही. तुमाले?" "नाही." त्या दोघांचा एवढा नियमित संवाद त्याआधी कधी झाला नव्हता.

कोंबड्या एकेक करून गेल्या. मान उलटी पिरगळून, पाय ताठ. एकेकीला मरायला दीड-दोन दिवस लागायचे. आईला जवळ घ्यायची परवानगी नव्हती. ती जाळीबाहेर पाटावर बसून राहायची, नाकाला फडकं बांधून, आणि आतल्या कोंबडीला आता शिव्या देत नसे. मी ऑफिसला जायचे. अमेरिकेतल्या ग्राहकाला नवं सॉफ्टवेअर द्यायचं होतं, रिलीज होतं. नवव्या दिवशी दोन उरल्या होत्या.

त्या दिवशी डॉक्टर बाई आल्या तेव्हा हातमोजे घातलेले नव्हते, त्यावरूनच कळलं. "बर्ड फ्लू नाही," त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने सुस्कारा टाकला. चेअरमन फाटकाशी आले होते, त्यांनी "वा!" म्हटलं आणि लगेच आवाज खाली केला. बाई म्हणाल्या, "राणीखेत निघाला. मानमोडी म्हणतात ना, तोच. कोंबड्यांना मारतो, माणसाचे फार तर डोळे चुरचुरतात." मग वही उघडली आणि आईला विचारलं, "आजी, याची लस मिळते की दवाखान्यात. दिली नव्हती का?"

दिवाळीनंतर आईने मला पहिल्यांदा सांगितलं होतं. मंगळवारी दवाखान्यात लस देतात, बर्फाचा थर्मास घेऊन जायचं, बाटली उघडली की दोन तासांत टोचून संपवायची. ती म्हणाली होती, मला तो हायवे ओलांडता येत नाही, तू गाडीवर नेऊन आण. मी हो म्हटलं. नाताळात तिने पुन्हा सांगितलं, मी म्हटलं, या रिलीजनंतर. जानेवारीत दोनदा. शेवटच्या वेळी ती थर्मास धुऊन, पुसून, दाराशी घेऊन बसली होती, आणि मी कानाला फोन लावून तिच्या शेजारून गाडी काढली. संध्याकाळी थर्मास परत फळीवर होता आणि मी त्याबद्दल काही विचारलं नाही. दवाखाना आमच्या घरापासून गाडीवर सात मिनिटांवर आहे.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही बाई," ती डॉक्टरांना म्हणाली. "माह्याच ध्यानातून गेलं. म्हातारी झालो आता."

आई खोटं बोलत नाही हे आता सगळ्या सोसायटीला माहीत झालं होतं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. डॉक्टर बाईंनी 'लसीकरण केलेले नाही' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "होतं असं आजी." चेअरमननी मान हलवली आणि म्हणाले, "वय झालं की व्हायचंच." हा माणूस नऊ दिवसांपूर्वी बायकोसमोर, सगळ्या सोसायटीसमोर, खरं ते सांगून मोकळा झाला होता. मी तिथेच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर, आणि मी गप्प बसले.